पाणी हा वर्षभराचा विषय: वर्गप्रतिनिधीने तीन मिनिटांचं भाषण कसं बांधावं

वर्गाने या वर्षासाठी 'पाणी' हा विषय घेतला आणि त्याची ओळख करून द्यायचं काम वर्गप्रतिनिधी म्हणून तुमच्याकडे आलं. बोलायला तीन मिनिटं, आणि शेवटी वर्गाकडून विषय मागवायचे. शिक्षक म्हणून मागच्या बाकावर बसून मी अशी बरीच भाषणं ऐकली आहेत, आणि त्यातली बहुतेक एकाच जागी अडकलेली पाहिली आहेत. मूल छान बोलतं, टाळ्या पडतात, मग ते विचारतं, "तर मग, कोणाला काही सुचतंय का?" आणि वर्ग गप्प. एखादा हात वर येतो, "पाणी वाचवा" असं उत्तर येतं, तेवढ्यात घंटा होते.

यात बोलणाऱ्याच्या आवाजाचा किंवा धीटपणाचा काही दोष नसतो. विचारण्याआधी वर्गाच्या हातात पकडायला काहीच दिलेलं नसतं, एवढंच. म्हणून हे भाषण शेवटाकडून बांधायचं. चिठ्ठीवर मुलांनी काय लिहून द्यायला हवंय ते आधी ठरवायचं आणि मग ते लिहिता यावं म्हणून जेवढं बोलावं लागेल, तेवढंच बोलायचं.

आधी वर्गशिक्षकांशी बोलून घ्या

भाषणाचा एक शब्दही लिहिण्याआधी बाईंना किंवा सरांना तीन गोष्टी विचारा. वर्षभरात या विषयाला नेमका किती वेळ मिळणार आहे? महिन्याला एक तास, की आठवड्याला? निवडलेल्या विषयांचं पुढे काय होणार: प्रयोग, भिंतीवरचा तक्ता, की वर्षाअखेरचं प्रदर्शन? आणि विषय निवडणार कोण: शिक्षक, पाच-सहा मुलांची समिती, की सगळा वर्ग मत देऊन?

यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आपल्या चिठ्ठीचं पुढे काय होतं हे मुलांना कळलं नाही, तर पुढच्या वेळी कोणी मनापासून लिहीत नाही. "निवड आम्ही सहा जण शुक्रवारी करू आणि सोमवारी यादी फळ्याशेजारी लावू" एवढं एक वाक्य भाषणात असलं, तरी चिठ्ठ्यांचा दर्जा बदलतो. हे वाक्य खरं असायला हवं, म्हणूनच आधी विचारून घ्यायचं.

सुरुवातीसाठी एक गोष्ट स्वतःच्या हाताने मोजा

पाण्यावरच्या भाषणाची सुरुवात "जल हेच जीवन" या शब्दांनी करू नका. ते खोटं नाही, पण ऐकणाऱ्याने ते इतक्यांदा ऐकलेलं असतं की पहिल्याच वाक्याला त्याचे कान मिटतात. त्याऐवजी तुम्ही स्वतः मोजलेली एखादी गोष्ट सांगा. मला यासाठी सगळ्यात आवडतो तो गळका नळ, कारण तो बहुतेक ठिकाणी सापडतो आणि तो मोजायला एक पेला आणि एक घड्याळ पुरतं.

नळ नेहमीसारखा बंद करा. थेंब पडत असतील तर खाली पेला ठेवा आणि बरोबर दहा मिनिटं थांबा. पेल्यात जमलेलं पाणी प्रयोगशाळेतल्या मोजपात्रात ओता आणि आकडा वाचा. मोजपात्रात पाण्याची कड काचेला चिकटून किंचित वर चढलेली दिसते. डोळे पाण्याच्या पातळीला आणून मधल्या खोलगट भागाचा आकडा घ्यायचा, कडेचा नाही. आता त्या आकड्याला सहाने गुणा, म्हणजे तासाचं पाणी मिळेल. त्याला चोवीसने गुणा, म्हणजे दिवसाचं.

समजा दहा मिनिटांत १५० मिलिलिटर जमलं. तासाला ९०० मिलिलिटर झाले. दिवसाला २१,६०० मिलिलिटर, म्हणजे २१.६ लिटर. पंधरा लिटरची बादली धरली तर जवळजवळ दीड बादली. सेकंदाला साधारण एक टपोरा थेंब पडत असेल तर आकडा याच्या आसपास येतो.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे एक मिनिटच मोजून त्याला १,४४० ने गुणणं. एका मिनिटाच्या मोजणीत तीन-चार मिलिलिटरची चूक झाली, तर ती गुणाकारात पाच लिटरच्या आसपास जाऊन बसते. दहा मिनिटांत तेवढीच चूक झाली तर ती अर्ध्या लिटरइतकीच उरते. दुसरी चूक म्हणजे निघालेल्या आकड्याला लगेच ३६५ ने गुणून "वर्षाला इतके हजार लिटर" असं ठोकून देणं. टाकी भरलेली असताना दाब वेगळा असतो, रात्री वेगळा, आणि नळ मधेच कोणीतरी दुरुस्तही करतो. म्हणून भाषणात "याच वेगाने गळत राहिला तर दिवसाला" एवढंच म्हणा. प्रश्न विचारणाऱ्या मुलासमोर तुम्हाला तेवढंच ठामपणे सांगता येईल.

नळ गळत नसेल तर दुसरं काहीतरी मोजा. दात घासताना सोडलेल्या नळाचं पाणी, किंवा मधल्या सुट्टीनंतर वर्गातल्या बाटल्यांमध्ये उरलेलं पाणी. एक आकडा हवा आणि तो तुमचा हवा.

पुस्तकातला आकडा घ्यायचा तर समजून घ्या

पाण्याच्या भाषणात जवळजवळ प्रत्येक मूल म्हणतं, "पृथ्वीवर ७१ टक्के पाणी आहे." हे वाक्य अर्धवट आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग पाण्याने झाकलेला आहे, असं म्हणायला हवं. पाण्याचा हा थर पृथ्वीच्या मानाने फार पातळ आहे. समुद्राची सरासरी खोली चार किलोमीटरच्याही आत आहे आणि पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७० किलोमीटर. पृथ्वी म्हणजे ओला हात फिरवलेला चेंडू समजा.

दुसरा आकडा याहून कामाचा आहे, कारण तो वर्गात करून दाखवता येतो. पृथ्वीवरच्या एकूण पाण्यापैकी गोडं पाणी फक्त सुमारे अडीच टक्के. एक लिटरच्या भरलेल्या बाटलीला सगळं पाणी मानलं तर गोडं पाणी होतं २५ मिलिलिटर. त्यातलं दोन तृतीयांशाहून थोडं जास्त, म्हणजे साधारण १७ मिलिलिटर, हिमनद्यांत आणि ध्रुवांकडच्या बर्फात अडकलेलं. साडेसात मिलिलिटरच्या आसपास जमिनीखाली. आणि सगळ्या नद्या आणि गोड्या पाण्याची तळी मिळून उरतो एखाद-दुसरा थेंब. प्रयोगशाळेतल्या साध्या ड्रॉपरचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर, असा तो हिशोब आहे.

हे दाखवताना सगळे टप्पे दाखवू नका. बाटली, २५ मिलिलिटर आणि थेंब, एवढे तीनच. सतरा आणि साडेसात तोंडाने सांगायला लागलात की मुलं आकड्यांत हरवतात आणि शेवटच्या थेंबाची गंमत जाते. आणखी एक अडचण म्हणजे मागच्या बाकावरून थेंब दिसत नाही. त्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलीने काढलेला उपाय मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो. तिने थेंब स्टीलच्या रिकाम्या ताटलीत जरा उंचावरून सोडला. वर्ग शांत होता आणि 'टप्' असा आवाज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आला. बाटलीत आधी निळ्या शाईचे दोन थेंब टाकले तर २५ मिलिलिटरही लांबून नीट दिसतं.

तीन बिया पेरा, तीनही वेगळ्या जातीच्या

आता भाषणाचा गाभा. वर्गाला विषय सुचावेत म्हणून उदाहरणं द्यावी लागतात, आणि इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. उदाहरण एकच दिलं तर सगळ्या चिठ्ठ्या त्याच वळणाच्या येतात. एका वर्षी प्रतिनिधीने फक्त नळाचं उदाहरण दिलं आणि पेटीतल्या अर्ध्याहून जास्त चिठ्ठ्या नळ, टाकी आणि पाणी वाचवणं याच्याच निघाल्या. उलट दहा-बारा उदाहरणं दिली तर मुलांना वाटतं की यादी झालेलीच आहे, आपण काय सांगायचं?

तीन उदाहरणं बरोबर बसतात, पण ती एकमेकांपासून लांबची हवीत. एक हाताने करून बघण्याचं, एक माणसांच्या गोष्टीचं आणि एक अगदी अनपेक्षित दिशेचं.

करून बघण्याचं उदाहरण म्हणून बर्फ घ्या. बहुतेक पदार्थ गोठल्यावर आकसतात आणि आपल्याच द्रवात बुडतात. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, म्हणून बर्फ तरंगतो. थंड प्रदेशातलं तळं त्यामुळेच वरून गोठतं आणि खाली मासे जगतात. भाषणात हे समजावत बसायचं नाही, फक्त प्रश्न टाकायचा.

माणसांच्या गोष्टीसाठी मी जॉन स्नो या डॉक्टरचं उदाहरण सुचवेन. १८५४ साली लंडनच्या एका भागात कॉलऱ्याची साथ आली. हा रोग दूषित हवेतून पसरतो असा तेव्हाच्या बहुतेकांचा समज होता. स्नोने कोणत्या घरात किती माणसं दगावली याची चौकशी केली आणि ते नकाशावर मांडलं. मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती दाटलेले दिसले. त्याने अधिकाऱ्यांना पटवलं आणि त्या पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, त्यामुळे "दांडा काढला आणि साथ थांबली" असं म्हणू नका. नकाशाने पाण्याकडे बोट दाखवलं, एवढंच म्हणा. तेच खरं आहे आणि पुरेसं आहे.

अनपेक्षित दिशेसाठी आपली भाषाच हाताशी आहे. आपण एखाद्याला पाण्यात पाहतो, कोणाचं पाणी जोखतो, मेहनतीवर पाणी फिरतं, तोंडाला पाणी सुटतं आणि काही माणसं कुठलंच पाणी लागू देत नाहीत. हे ऐकलं की ज्या मुलांना प्रयोगात रस नाही, ती सावरून बसतात. आपल्यालाही यात जागा आहे हे त्यांना तेव्हा कळतं.

विषय मागू नका, प्रश्न मागा

"विषय सुचवा" म्हटलं की निबंधांची शीर्षकं येतात: जलप्रदूषण, पाण्याचे महत्त्व, जलसंधारण. त्यातून महिनाभर काय करायचं ते कळत नाही. म्हणून चिठ्ठीवर आधीच दोन ओळी छापून किंवा लिहून द्या आणि त्या पुऱ्या करायला सांगा. पहिली ओळ: "पाण्याबद्दल मला हे कळत नाही की…" दुसरी ओळ: "हे शोधायला आपण…" दुसऱ्या ओळीत मोजू, करून पाहू, कोणाला तरी विचारू, वाचू, यातलं काहीही येऊ शकतं.

"मला हे कळत नाही" हे शब्द मुद्दाम आहेत. हुशार समजली जाणारी मुलं "मला माहीत आहे" असं लिहायला उत्सुक असतात आणि बाकीची गप्प बसतात. न कळणारं सगळ्यांकडे असतं.

नाव लिहायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. आणि पहिली चिठ्ठी तिथल्या तिथे, भाषण संपताच दोन मिनिटांत लिहून घ्यायची. "नंतर टाका" म्हटलं की पेटी रिकामी राहते. नंतर सुचेल त्यांच्यासाठी पेटी आठवडाभर वर्गात ठेवायची, ती वेगळी.

नमुना भाषण

हे जसंच्या तसं पाठ करू नका. तुमच्या नळाचा आकडा वेगळा येईल आणि तुमचं बोलणंही वेगळं असेल. बांधणी कशी आहे, तेवढं पाहा.

"नमस्कार बाई, नमस्कार सगळ्यांना.

काल मधल्या सुट्टीत मी आणि माझी मैत्रीण हात धुवायच्या नळाखाली पेला धरून दहा मिनिटं उभ्या होतो. नळ बंद होता. म्हणजे आपण ज्याला बंद म्हणतो तसा. टप, टप चालूच होतं. दहा मिनिटांनी पेल्यातलं पाणी मोजलं. १५० मिलिलिटर. मग वहीत गुणाकार केला. याच वेगाने गळत राहिला तर दिवसाला २१ लिटरहून जास्त. जवळजवळ दीड बादली. मी त्या नळाजवळून रोज जाते आणि मला वाटायचं, थेंबच तर आहेत.

आता ही बाटली पाहा. यात एक लिटर पाणी आहे. समजा, पृथ्वीवरचं सगळं पाणी एवढंच आहे. यातलं गोडं पाणी किती असेल? (थांबते, मोजपात्रात ओतते.) एवढं. पंचवीस मिलिलिटर. त्यातलं बहुतेक बर्फात आणि जमिनीखाली आहे. मग जगातल्या सगळ्या नद्या आणि गोड्या पाण्याची तळी मिळून किती? ते दिसणार नाही, ऐकू येईल. (ड्रॉपरने ताटलीत थेंब सोडते.) एवढं.

या वर्षी आपल्या वर्गाचा विषय आहे पाणी. दर महिन्याला एक तास आपण त्याला देणार आहोत. त्या तासाला काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. ते आपण ठरवायचं आहे.

पाणी म्हणजे फक्त पाणी वाचवा असं नाही. बर्फ पाण्यावर का तरंगतो, हाही पाण्याचाच प्रश्न आहे. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने नकाशावर खुणा करत करत कॉलरा पाण्यातून पसरतोय हे दाखवलं, ही पाण्याचीच गोष्ट आहे. आणि आपण एखाद्याला 'पाण्यात पाहतो', म्हणजे नक्की कुठे पाहतो? हाही चालेल.

तुमच्या बाकावर एक चिठ्ठी आहे. त्यावर दोन अर्धी वाक्यं आहेत. 'पाण्याबद्दल मला हे कळत नाही की', आणि 'हे शोधायला आपण'. ती पूर्ण करा. मोठं लिहायला नको. नाव लिहिलं तरी चालेल, नाही लिहिलं तरी चालेल. आत्ता दोन मिनिटं देते. नंतर काही सुचलं तर ही पेटी शुक्रवारपर्यंत खिडकीजवळ आहे. शुक्रवारी आम्ही सहा जण सगळ्या चिठ्ठ्या वाचू, आणि सोमवारी यादी फळ्याशेजारी लागेल.

माझी चिठ्ठी मी आधीच टाकली आहे. त्यावर लिहिलंय, 'मला हे कळत नाही की समुद्राचं पाणी खारट आहे, मग पावसाचं का नाही?' आता तुमची."

शेवटची ओळ नीट पाहा. बोलणाऱ्या मुलीने स्वतःचा न कळणारा प्रश्न सांगितला. भाषण तिथेच संपतं आणि पेन्सिली चालू होतात. त्यानंतर "धन्यवाद, जय हिंद, दोन शब्द ऐकून घेतल्याबद्दल आभारी आहे" असं काही जोडलंत तर टाळ्या पडतील आणि लिहिण्याचा क्षण निसटेल. आभार दोन मिनिटांनंतर, चिठ्ठ्या गोळा करताना माना.

सराव

घड्याळ लावून मोठ्याने तीनदा म्हणा. मनातल्या मनात वाचलेलं भाषण नेहमी लवकर संपतं. बाटली, मोजपात्र आणि ड्रॉपरसकट सराव केला तरच खरी वेळ कळते, कारण ओतायला वीस-पंचवीस सेकंद जातात. वेळ जास्त होत असेल तर बाटलीचा प्रयोग किंवा नळ, यातलं एक काढा. तीन बिया आणि चिठ्ठीच्या सूचना मात्र कापू नका. घाईत मुलं नेमक्या त्याच कापतात.

ओतताना बोलू नका. दोन्ही एकदम केलं की हात हलतो, २५ च्या जागी ४० मिलिलिटर पडतं आणि मग परत ओतण्याची धांदल उडते. मोजपात्रावर २५ च्या खुणेला आधीच रंगीत दोरा बांधून ठेवा.

चिठ्ठ्या आल्यावर

पहिल्यांदा सगळ्या चिठ्ठ्या वाचा, एकही बाजूला न टाकता. मग सारख्या एकत्र करा. मग प्रत्येक गठ्ठ्याला तीन प्रश्न लावा: हे एका तासात किंवा एका महिन्यात होईल का, लागणारं सामान आपल्याकडे आहे का, आणि सगळ्या वर्गाला करायला काही आहे का.

एक चिठ्ठी घेऊन पाहू. त्यावर लिहिलं होतं: "मला हे कळत नाही की काठोकाठ भरलेल्या ग्लासमधला बर्फ वितळला तर पाणी सांडेल का. हे शोधायला आपण करून पाहू." उत्तम चिठ्ठी. सामान साधं, वेळ एक तास, आणि आधी प्रत्येकाला अंदाज लिहायला लावता येतो. उत्तर असं, की पाणी सांडत नाही. तरंगणारा बर्फ स्वतःच्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो आणि वितळल्यावर तेवढीच जागा घेतो. पण आम्ही हे केलं तेव्हा अर्धा वर्ग "सांडलं, सांडलं" म्हणून ओरडला. ग्लास बाहेरून ओला होता आणि खाली पाण्याचं वर्तुळ झालं होतं. ते पाणी हवेतल्या बाफेचं होतं, थंड काचेवर जमलेलं. पुढच्या आठवड्यात मुलांनी बर्फाच्या पाण्यात रंग घालून तोच प्रयोग पुन्हा केला. बाहेरचे थेंब बिनरंगी निघाले आणि वाद मिटला. एका चिठ्ठीतून असे दोन तास निघाले.

आता अवघड चिठ्ठी: "जलप्रदूषण." फक्त एवढंच, दुसरी ओळ कोरी. ही फेकायची नाही. नाव असेल तर त्या मुलाला बोलावून विचारा, "तू कुठलं घाण पाणी पाहिलंस? त्यात तुला काय कळलं नाही?" बहुतेक वेळा त्याच्या डोक्यात काहीतरी नेमकं असतं, लिहिताना त्याने फक्त मोठा शब्द निवडलेला असतो. एका मुलाने असं विचारल्यावर सांगितलं, "गढूळ पाणी ठेवून दिलं की वरचं स्वच्छ दिसतं. ते प्यायलं तर चालेल का?" हा झाला प्रश्न. पाणी नितळ दिसलं म्हणजे पिण्यालायक झालं असं नाही, कारण आजार पसरवणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. वाळू आणि खडीतून पाणी गाळून दाखवता येतं आणि ते नंतरही का प्यायचं नाही, हे त्याच तासात बोलता येतं. नाव नसेल, तर तो गठ्ठा फळ्यावर मांडून सगळ्या वर्गालाच विचारा.

काही चिठ्ठ्या होणाऱ्या नसतात. "समुद्राच्या तळाशी काय आहे ते जाऊन बघू" अशी असते एखादी. ती "वाचून शोधू" या रकान्यात टाका आणि यादीत तसं लिहा, म्हणजे लिहिणाऱ्याला आपली चिठ्ठी सापडते.

वर्षाच्या पट्टीवर लावताना

निवडलेले आठ-दहा विषय महिन्यांना वाटताना हवामान पाहा. पाऊस मोजायचा असेल तर तो पावसाच्या महिन्यांतच घ्यावा लागतो. सरळ बाजूंचं, सपाट बुडाचं भांडं उघड्यावर ठेवून जमलेल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायची. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर बरोबर एक लिटर पाणी, एवढं माहीत असलं की वर्गाच्या छपरावर किती पाणी पडलं ते मुलं स्वतः काढतात. तोंडाशी रुंद आणि बुडाशी अरुंद भांडं मात्र घेऊ नका, त्यात उंची खोटी येते. बाष्पीभवनाचा प्रयोग कोरड्या, उन्हाच्या दिवसांत ठेवा, दमट हवेत बशीतलं पाणी हटता हटत नाही. लोकांसमोर काही मांडायचं असेल तर २२ मार्चचा जागतिक जल दिन हाताशी आहे. तो १९९३ पासून पाळला जातो, आणि तोवर वर्षभराचं बरंच काम झालेलं असतं.

यादी फळ्याशेजारी लावताना प्रत्येक विषयापुढे तो प्रश्न चिठ्ठीतल्याच शब्दांत लिहा, तुमच्या शुद्ध भाषेत बदलू नका. शेवटी दोन महिने कोरे ठेवा. बर्फाच्या ग्लाससारखं मधेच काही निघालं, की ते तिथे जाईल. न निवडलेल्या चिठ्ठ्या पाकिटात घालून पेटीतच राहू द्या, कोऱ्या महिन्यांसाठी आधी त्याच काढायच्या.